उंबरठ्याच्या आतली रेघ

कोकणातल्या एका गावात, ऐन पावसाळ्यात, देवळाच्या दिंडीदरवाज्यापाशी चपला काढताना पाटी दिसली. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘हे देवस्थान खासगी आहे. प्रवेशाचे हक्क राखून ठेवले आहेत.’ आत घंटा वाजत होती. ओल्या जांभ्याचा आणि निरांजनातल्या तुपाचा मिळून जो वास देवळात येतो तो दरवाजापर्यंत येत होता. मला कुणी अडवलं नाही, काही विचारलंही नाही. दर्शन झालं, हातावर तीर्थ पडलं, साखरफुटाणे मिळाले. तरी प्रदक्षिणा घालताना ती पाटी डोक्यातून जाईना. मला न अडवता ती पाटी कुणाला अडवत होती? गावाबाहेरच्या वाडीतला माणूस ती वाचत असेल तेव्हा त्याला ती काय सांगत असेल? पुढे काही महिने मी जुने निवाडे आणि मंदिरप्रवेशाच्या चळवळींची कागदपत्रं वाचत बसले, त्याचं मूळ त्या निळ्या अक्षरांत आहे.

कायद्याच्या दृष्टीनं देऊळ खासगी आहे की सार्वजनिक, हे पाटी लावून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात ते नीट समजावून सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या सीतापूर जिल्ह्यातल्या एका गावी एका अपत्यहीन गृहस्थाने राधाकृष्णाचं देऊळ बांधलं होतं. ते त्यांच्या घराण्याचं की गावाचं, असा वाद होता. न्यायालय पाहत गेलं की देऊळ राहत्या घरात आहे की बाहेर, मूर्ती कायमची चौथऱ्यावर बसवली आहे की घरातल्या देवासारखी हलवता येते, लोक येतात ते मालकाच्या मेहेरबानीने की आपला हक्क म्हणून, आणि देणगीपत्रात घरच्या माणसांच्या हिताचं काही राखून ठेवलं आहे का. त्या देवळाच्या बाबतीत सगळी उत्तरं सार्वजनिकतेकडे झुकली. म्हणजे गाव पिढ्यान् पिढ्या दर्शनाला येत असेल, पालखी गावातून फिरत असेल, उत्सवाला गावाची वर्गणी असेल, तर जमिनीच्या उताऱ्यावर कुणाचंही नाव असो, केवळ पाटी रंगवून ते देऊळ खासगी होत नाही.

पण मंदिरप्रवेश अडवणाऱ्यांच्या हातात खासगीपणाचा एकच मुद्दा नव्हता. एक टिकला नाही की दुसरा पुढे येई, आणि प्रत्येक वेळी रेघ थोडी आत सरके.

इंग्रजी अमदानीत तर रेघ आखणाऱ्याच्या पाठीशी न्यायालय उभं असे. तमिळ मुलखातल्या कामुदी गावी मीनाक्षी-सुंदरेश्वराच्या देवळात 1897 साली नाडर समाजाचे लोक शिरले. रामनाडच्या जमीनदाराने त्यांच्यावर दावा लावला, आणि विटाळलेलं देऊळ शुद्ध करून घेण्याचा खर्चही मागितला. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1908 साली तिथेही नाडर हरले. कारण एकच, रूढी. आजवर तुम्हाला प्रवेश नव्हता, म्हणून यापुढेही नाही. ज्याला बाहेर ठेवलं त्याचं बाहेर असणं हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. हे वाचताना मला धाप लागल्यासारखं झालं. ही तटबंदी सत्याग्रहाने हलेल, पण पडेल ती नव्या कायद्यानेच, हे त्या निकालातून स्पष्ट दिसतं.

नाशिकला 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दरवाज्यांवर हजारो माणसं शांतपणे जाऊन उभी राहिली. आपल्याकडे ती मिरवणूक, बंद दरवाजे, रामनवमीच्या रथाच्या वेळची दगडफेक, दादासाहेब गायकवाडांची चिकाटी हे सगळं शाळेपासून ऐकलेलं असतं. त्या चळवळीत बाबासाहेब काय मागत होते ते मात्र कमी वेळा सांगितलं जातं. सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला देताना 1934 साली त्यांनी गायकवाडांना लिहिलं, त्याचा आशय असा की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण हा लढा उभारला नव्हता. त्यांच्यात चेतना यावी, आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, म्हणून हा मार्ग धरला. त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी 1933 मध्ये, केंद्रीय विधिमंडळापुढे रंगा अय्यरांचं मंदिरप्रवेशाचं विधेयक होतं. गांधीजींचा त्याला पाठिंबा होता. बाबासाहेबांनी मात्र जाहीर निवेदन काढून विधेयकाला पाठिंबा द्यायला नकार दिला. विधेयकात देवळं उघडायची की नाही हे बहुमतावर सोडलं होतं. त्यांचा आक्षेप सरळ होता. अस्पृश्यता हे पाप आहे असं हे विधेयक म्हणतच नाही, आणि बहुसंख्यांना पापाची सवय आहे म्हणून ते सोसण्याजोगं होत नाही. देवळं उघडायची की नाही हा हिंदूंनी विचार करायचा प्रश्न आहे, त्यासाठी मी आंदोलन करायचं कारण नाही, असंही त्यांनी बजावलं. ते निवेदन वाचताना पुन्हा पुन्हा थांबावं लागतं. प्रवेशाची दया नको, तुमच्या धर्मात मला समान स्थान आहे की नाही ते सांगा, असा तो सवाल होता. त्या विधेयकाचं पुढे काहीच झालं नाही.

त्याच सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी शास्त्री-पंडितांशी खल करत होते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्राधार मांडणाऱ्यांत होते. दुसऱ्या बाजूचे पंडितही ग्रंथ घेऊनच बसत. देवळातली मूर्ती दगड नसून प्राणप्रतिष्ठेनंतर ते देवाचं शरीर आहे, आणि कुणी कुठवर यावं हे देवळातल्या पूजेचे नियम सांगणाऱ्या आगमग्रंथांनी ठरवलेलं आहे, ते मोडलं तर देवत्व उणं होतं, असं त्यांचं म्हणणं. आज आपल्याला हा निव्वळ अहंकार वाटतो. त्यात अहंकार होताच. पण हा युक्तिवाद ज्याने मनापासून मानला त्याला तो देवाच्या रक्षणाचा वाटत होता, आणि म्हणूनच तो मोडायला इतका कठीण गेला.

मराठी माणसाला धर्माच्या अंगाने सगळ्यात जवळचं उत्तर पंढरपुरात मिळालं. साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाचा निर्धार केला, तेव्हा सेनापती बापटांच्या सांगण्यावरून आधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार करायचं ठरलं. काही महिने गुरुजी गावोगाव बोलत राहिले, सेवा दलाची मुलं कलापथक घेऊन हिंडली, कितीतरी गावांतली देवळं, विहिरी त्या दौऱ्यात खुल्या झाल्या. मग 1 मे 1947 रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. त्यांचा युक्तिवाद कायद्याचा नव्हता आणि शास्त्राचाही नव्हता. तो वारीचा होता. ज्या चोखोबांचे अभंग म्हणत दिंड्या येतात, त्या चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि त्यांच्या जातीची माणसं अजूनही तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरतात. मे महिन्यातलं पंढरपूर, चंद्रभागेचं तापलेलं वाळवंट आणि आत दिवसेंदिवस क्षीण होत चाललेला माणूस. गांधीजींनीही उपोषण सोडा असं कळवलं होतं, तरी गुरुजी ठाम राहिले. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळी राजी झाली आणि 10 मे रोजी उपोषण सुटलं.

हा प्रसंग आठवला की माझा ऊर भरून येतो. त्याच वेळी बाबासाहेबांचा 1933 चा सवालही बाजूला उभा असतो. गुरुजींनी सवर्णांच्या मनाला हात घातला, आणि तो घालणं अत्यंत गरजेचं होतं, कारण मन न बदललेल्या गावात उघडलेलं दार दुसऱ्या दिवशी बंद होतं. पण कुणाच्या तरी प्राणांतिक उपवासाने मिळालेला प्रवेश हा त्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा हक्क झाला का? तो हक्क व्हायला कायदाच लागला. 1947 सालीच मुंबई प्रांताने हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा केला आणि मद्रास प्रांतानेही आपला कायदा आणला. आता रूढीचा आधार संपला होता. मग खरी गुंतागुंत सुरू झाली.

ती बघायची तर मंगळूरजवळच्या मुल्की गावी जावं लागतं. तिथलं वेंकटरमणाचं देऊळ गौड सारस्वत ब्राह्मणांचं. ही गोव्यातून निघालेली माणसं. पोर्तुगीज राजवटीच्या जाचातून बाहेर पडून भटकळ, मंगळूर असं किनाऱ्याने खाली सरकत गेली, अशी परंपरा सांगतात. ज्यांनी आपली देवळं पडताना पाहिली आणि मूर्ती उचलून रातोरात नद्या ओलांडल्या, त्यांच्या वंशजांनी नव्या मुलखात आपलं म्हणून जे देऊळ जपलं, ते सगळ्यांना उघडायला सांगणारा कायदा आला. विश्वस्त 1949 साली न्यायालयात गेले. हे देऊळ आमच्या ज्ञातीसाठी स्थापन झालं आहे, म्हणून मद्रासचा कायदा याला लागू होत नाही, असा त्यांचा दावा. खटला चालू असताना राज्यघटना आली आणि त्यांनी दाव्यात नवा मुद्दा घातला. अनुच्छेद 26 प्रत्येक धार्मिक संप्रदायाला आपले धर्मविषयक व्यवहार स्वतः चालवण्याचा हक्क देतं. आमच्या देवळात कुणी यावं हे ठरवणं हा आमचा धर्मविषयक व्यवहार नाही तर काय?

विस्थापितांच्या त्या दुःखाबद्दल मला खरोखर आस्था आहे. आपलं सगळं हिरावलं गेल्यावर उरलेला एक गाभारा घट्ट धरून ठेवावासा वाटणं मला समजतं. पण हाकलल्या गेलेल्यांनी दाराशी उभ्या असलेल्याला ओळखायला हवं होतं, असंही वाटतं, आणि या दोन भावना माझ्यात अजून एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर 1957 मध्ये लागला. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी तो लिहिला. मला वाटलं होतं की न्यायालय म्हणेल, प्रवेशबंदीचा धर्माशी संबंध नाही, ही नुसती सामाजिक रूढी आहे. तसं म्हणणं सोपं होतं. न्यायमूर्तींनी तसं केलं नाही. आगमांनुसार बांधलेल्या देवळात कुणी गाभाऱ्यात जावं, कुणी सभामंडपात थांबावं, कुणी महामंडपातून हात जोडावेत आणि अगदी खालच्या मानलेल्यांनी फक्त गोपुराच्या दर्शनावर समाधान मानावं, अशी वर्णवार जागा ठरवणारे ग्रंथ आहेत, हे त्यांनी जुन्या निवाड्याच्या आधारे नोंदवलं. हे देऊळ संप्रदायाचं आहे हे मान्य केलं. कुणाला आत घ्यायचं हा धर्माचा विषय आहे हेही मान्य केलं. आणि एवढं सगळं मान्य करून ते अनुच्छेद 25 च्या दुसऱ्या खंडाकडे वळले. तिथे राज्याला अधिकार दिला आहे की सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना आणि विभागांना खुल्या करणारा कायदा त्याने करावा. ‘सार्वजनिक स्वरूप’ या शब्दांत संप्रदायाची देवळंही येतात, असं न्यायालयाने ठरवलं. दोन कलमं समोरासमोर आली तेव्हा 26 ने 25 पुढे नमावं, असा निर्णय झाला.

हा निकाल मला प्रामाणिक वाटतो, कारण त्याने धर्मग्रंथांचं म्हणणं धुऊनपुसून गोड केलं नाही. ग्रंथात भेद आहे, तो खरा आहे, आणि तरीही तो या देशात चालणार नाही, असं तो सांगतो. बाबासाहेबांनी 1933 मध्ये जे ऐकायचं होतं म्हटलं, त्याच्या बरंच जवळ जाणारं हे वाक्य राज्यघटनेच्या बाजूने बोललं गेलं.

पण निकालाचा शेवटचा भागही वाचायला हवा. प्रवेशाचा हक्क म्हणजे देऊळ चोवीस तास उघडं हवं असा हक्क नाही, आणि पुजाऱ्याने करायची पूजा प्रत्येकाला स्वतः करता येईल असाही नाही, हे न्यायालयाने सांगितलं. ते रास्तच आहे. मात्र त्यापुढे, ज्या विधींमध्ये परंपरेने फक्त गौड सारस्वतच सहभागी होत आले आहेत, त्या विधींच्या वेळी इतरांना बाहेर ठेवण्याची मुभा मद्रास उच्च न्यायालयाने दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बाकी वेळी लोकांना दर्शनाचा भरपूर हक्क उरतो, म्हणून ही सवलत चालेल, असा तर्क. म्हणजे महाद्वार उघडलं, सभामंडप उघडला, आणि ठरावीक घटकांसाठी रेघ पुन्हा आत ओढली गेली. कायदा इथवर येऊन थांबला होता.

मुंबई प्रांताच्या कायद्यालाही असाच एक खटला चिकटला होता आणि त्याचा निकाल एका मराठी माणसाने लिहिला. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात हरिजन शिरणार म्हणून सत्संगी मंडळींनी जानेवारी 1948 मध्ये दावा केला. आम्ही हिंदूच नाही, आमचा पंथ वेगळा आहे, त्यामुळे हिंदू देवळांचा कायदा आम्हाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. समोर होते दलित समाजाचे पुढारी मूळदास वैश्य. पहिल्या न्यायालयात सत्संगी जिंकले, उच्च न्यायालयात हरले. सर्वोच्च न्यायालयात 14 जानेवारी 1966 रोजी निकाल लागला, म्हणजे दावा दाखल झाल्यापासून अठरा वर्षांनी. खटला सुरू झाला तेव्हा पाळण्यात असलेलं मूल तोवर कॉलेजात गेलं असेल. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातले. हिंदू कोण, या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी टिळकांनी केलेली व्याख्या घेतली. वेद प्रमाण मानणं, साधनांची अनेकता आणि उपास्याबद्दल कोणताच एक नियम नसणं, ही ती लक्षणं. त्या कसोटीवर सत्संगी हिंदूच ठरले. देऊळ विटाळेल ही त्यांची भीती अंधश्रद्धा, अज्ञान आणि धर्माच्या खऱ्या शिकवणुकीबद्दलचा पूर्ण गैरसमज यांतून आली आहे, असंही निकालात स्पष्ट लिहिलं.

मुल्कीच्या निकालाने ग्रंथ जसे आहेत तसे मान्य केले होते. इथे सरन्यायाधीशांनी खरा हिंदू धर्म कोणता हेच सांगून टाकलं. वाचताना आनंद होतो, आपल्याच कुणा विद्वान आजोबांनी घरातल्या कर्मठांना गप्प केल्यासारखा. नंतर शंका येते. देशाचं न्यायालय खऱ्या धर्माची व्याख्या करू लागलं, तर उद्या कुणी वेगळी व्याख्या करेल. मला मुल्कीचा रस्ता अधिक भरवशाचा वाटतो. तुमचा धर्म काय म्हणतो ते तुम्ही ठरवा, पण सार्वजनिक देवळाच्या दारात माणूस अडवता येणार नाही, एवढंच घटना सांगते, आणि तेवढं तिने ठामपणे सांगावं.

गाभाऱ्याची रेघ मात्र दोन्ही निकालांनंतर राहिलीच. आत कुणी जावं, पूजा कुणी करावी, हे प्रश्न पुढे वेगळे लढले गेले. पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयात संपले ते 2014 च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सगळ्या जातींतल्या माणसांकडून आणि स्त्रियांकडूनही पुजारीपदासाठी अर्ज मागवले. गुरुजींच्या उपोषणाला तेव्हा सदुसष्ट वर्षं होत आली होती.

हे सगळं मी नाशिकच्या एका वकील मित्रांना सांगत होते. त्यांचे आजोबा काळारामच्या सत्याग्रहात होते, आणि 1956 नंतर घर बौद्ध झालं. आता त्यांच्या घरी कुणी देवळात जात नाही. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि घटना उघडून अनुच्छेद 25 चं दुसरं स्पष्टीकरण दाखवलं. सर्व हिंदूंना धर्मसंस्था खुल्या करण्याच्या तरतुदीत ‘हिंदू’ म्हणताना शीख, जैन आणि बौद्धही धरायचे, असं तिथे लिहिलं आहे. बौद्ध झालेल्यांना हे अपमानकारक वाटतं, असं ते म्हणाले, कारण जे सोडलं त्याच घरात नाव पुन्हा नोंदवल्यासारखं होतं. मी विचारलं, म्हणजे तो हक्क काढून टाकावा का? त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. ‘नाही,’ ते म्हणाले, ‘काढायचा नाही. आजोबा ज्या दारात मार खात उभे होते तिथे मला कायद्याने अडवता येत नाही, हे कागदावर राहू दे. मी जाणार नाही, ती गोष्ट वेगळी.’ मग त्यांनी मला त्या कोकणातल्या देवळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का ते विचारलं, आणि नसेल तर अर्ज कसा करायचा ते सांगायला लागले.